पिशवी, भाग ४ : बंदांनी रडवलं

क्रोशाची पिशवी झाली म्हणून मागच्या वेळी मी उगाच मिरवलं. शनिवारी पाच किलो पुस्तकं भरून ती दाराच्या खुंटीला रात्रभर लटकवली. सकाळी ५० सेंटीमीटरचा बंद ६१ झालेला! उतरवल्यावरही ५७च्या खाली येईना.

चूक माझीच. बंद सहा मुक्या खांबांचा, म्हणजे आडव्या आखूड ओळी, तब्बल नव्वद. दोन ओळींच्या मधे जी फट असते ती वजनाखाली थोडी थोडी उघडते, आणि इथे अशा नव्वद फटी एकाखाली एक. उसवलं. यावेळी बंदाच्या लांबीएवढी साखळी घालून ओळी लांबीत विणल्या, दोन्ही कडांना स्लिप स्टिच. तेच वजन, तेवढाच वेळ: ५३. निम्मी लढाई जिंकले, पण विणकाम ताणणारच, हे आता मान्य केलंय.

म्हणून आत अडीच सेंटीमीटर रुंद सुती नवार घातली आणि बंद तिच्याभोवती दुमडून शिवला. बंद हलेना! पण मग पिशवीचं अंगच ओढलं गेलं. जिथे बंद लावले तिथे काठ तंबूसारखा वर टोकदार आला, मधे खड्डा. वजन कुठेतरी जाणारच ना.

आधी तिथे आतून कापडाचे चौकोन लावणार होते. हे लिहिता लिहिता सुचलं, की नवार काठाशी तोडायचीच कशाला? अस्तराच्या मागून खाली नेते, तळाखालून पलीकडे, पुन्हा वर, असा एकच अखंड फेरा. दोन बंदांचे १००, तीस उंचीच्या चार उतरणींचे १२०, बारा रुंदीच्या तळाखालून दोनदा २४, जोडाला ६: अडीच मीटर. जोड तळाखाली, चौकोन आणि आत फुली अशी शिवण. म्हणजे वजन तळापासून उचललं जाईल आणि विणकाम नुसतं दिसायला राहील.

अस्तरही पुन्हा बेतते. मी ते पिशवीपेक्षा दोन सेंटीमीटर उंच कापलं होतं, ‘सैल बरं’ म्हणून. सैल अस्तर काय कामाचं? आधी विणकाम ताणलं जातं, मग अस्तर ताठ होतं. ते पिशवीच्या मापाहून अर्धा सेंटीमीटर कमीच हवं.

तळ मात्र झकास! अंडाकृती तळ संपल्यावर एक फेरी फक्त टाक्याच्या मागच्या दोऱ्यात घेतली, तिथे अशी कड मोडली की बोट फिरवत बसावंसं वाटतं. चार मिलिमीटरच्या दोऱ्याला साडेतीनची सुई वापरली म्हणून टाके घट्ट आलेत. अ‍ॅल्युमिनियमची सुई मात्र वाकली. एवढ्या घट्ट कामाला स्टीलचीच घ्या, आणि अंगठ्याला पट्टी बांधा.

आता आधी जुनी शिवण उसवायची आहे. नवार एकदा धुऊन घेते, सुती आहे, आटेल.