निमंत्रणपत्रिकेत पायऱ्या मोजून लिहा

इथे मँचेस्टरमध्ये कुठल्याही सार्वजनिक बैठकीचं निमंत्रण आलं की मी तारखेखालच्या ओळी आवर्जून वाचते. दाराशी पायरी आहे का, बोलणं पडद्यावर लिहून दिसणार का, सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असेल तर कधीपर्यंत कळवायचं. लोकांना सेवा देणाऱ्या संस्थांनी अशी सोय मागणी येण्याआधीच विचारात घ्यावी, अशी इथल्या २०१० च्या समानता कायद्याची अपेक्षा आहे. आपल्याकडेही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहेच.

नाशिकला माझी मावसबहीण शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घेतेय, गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये. तिच्या मसुद्यात एकच ओळ होती: ‘दिव्यांगांसाठी सोय आहे.’ मी म्हटलं, ताई, यावरून व्हीलचेअरवरच्या माणसाला काय कळणार? टेप घेऊन जा.

ती गेली. दाराशी दोन पायऱ्या, मिळून ३० सेंटिमीटर. हॉलवाले म्हणाले, ‘फळी टाकतो की!’ फळी दीड मीटरची. एकास बारा हा उतार धरला तर ३० सेंटिमीटरला ३.६ मीटर लांब रॅम्प लागतो. एवढ्या आखूड फळीवर खुर्ची मागे उलटू शकते. सुदैवाने पार्किंगकडचं मागचं दार सपाट निघालं, पण त्याला कुलूप आणि किल्ली वॉचमनकडे. मग निमंत्रणात लिहिलं: ‘मागच्या दाराने पायरी नाही, ते कार्यक्रमभर उघडं राहील. स्वच्छतागृहाचं दार ६५ सेंटिमीटर रुंद आहे.’ हा शेवटचा आकडा ताईला लिहायला नको वाटत होता. पण बऱ्याच खुर्च्या त्यातून जात नाहीत, आणि हे घरी कळलेलं बरं.

दुभाष्याचं गणित वेगळं. दोन तासांच्या कार्यक्रमाला एक माणूस पुरत नाही. दोघं साधारण वीस-वीस मिनिटांनी आलटून-पालटून काम करतात, नाहीतर थकव्याने अर्थ निसटतो. भारतीय सांकेतिक भाषेचे दुभाषी मोजकेच, म्हणून कळवायची मुदत कार्यक्रमाच्या किमान तीन आठवडे आधीची ठेवायला सांगितली. भाषणं आणि सत्कारमूर्तींची नावंही त्यांना आधी द्यायची.

आणि ऐकू न येणाऱ्या सगळ्यांनाच सांकेतिक भाषा येते असं नाही. उतारवयात ऐकणं गेलेल्या आपल्या काका-मावशींना मराठी कॅप्शनच लागतील. मोबाइलवर आपोआप उमटणारी कॅप्शन दोघं एकदम बोलले की घसरतात आणि आडनावं हमखास चुकवतात. तेव्हा माइक हातात असेल त्यानेच बोलायचं, असं सूत्रसंचालकाला आधी बजावायचं.

दुभाषी अजून पक्के झालेले नाहीत. म्हणून ताईने ‘दुभाषी असतील’ असं छापलेलं नाही. तिने लिहिलंय: ‘दुभाषी किंवा मराठी कॅप्शन हवी असल्यास १० तारखेपर्यंत कळवा. मेसेज चालेल, फोन करायलाच हवा असं नाही. व्यवस्था झाली की नाही, ते १५ तारखेला प्रत्येकाला कळवू.’