जत्रेच्या नाटकाचं पोस्टर: पांढऱ्या केसांपाशी अडलेला चेहरा

नटाचा फोटो संदर्भाला देऊन चित्र काढणाऱ्या एआय मॉडेलकडून पोस्टर करून घेतोय. मागच्या नोंदीत नटाचा चेहरा जुळला होता, तो पुन्हा हातचा गेला. फोंड्याजवळच्या जत्रेतलं नाटक, भूमिका म्हाताऱ्या राजाची. संदर्भ फोटोतला नट मात्र तिशीतला, काळ्याभोर केसांचा. प्रॉम्प्टमध्ये एवढंच वाढवलं:

```
old king, silver white hair
```

आणि पोस्टरवर भलताच माणूस उभा राहिला. सीड, स्टेप्स आणि फोटोतलं रूप चित्रात आणणाऱ्या आयपी-अ‍ॅडाप्टर प्लसचं वेट, म्हणजे फोटोचा जोर, तेच ठेवून फक्त `silver white hair` काढलं, तर नट परत ओळखू येतो. म्हणजे घोळ केसांच्या शब्दांतच आहे.

प्लस मॉडेल फोटोचे १६ टोकन, म्हणजे त्याचं सार धरणारे आकड्यांचे संच, करतं, पण त्यांत केसांचा टोकन वेगळा नसतो. केस, जबडा, उजेड सगळं एकत्र मुरलेलं असतं. मजकुराचं आणि फोटोचं अटेन्शन वेगवेगळं काढून शेवटी त्यांची बेरीज होते. मजकूर पांढरं म्हणतो, फोटो काळं. वेट ०.९ केलं की केस काळपट राहतात आणि फोटोतली मान, मागची भिंतही चित्रात उतरते. ०.४ केलं की केस पांढरे होतात, पण त्याच बेरजेतून जबडाही जातो. एकाच खुंटीला दोन्ही तारा बांधल्यात, एक सैल केली की दुसरी सुटते.

आयपी-अ‍ॅडाप्टरचाच फेसआयडी प्रकार अख्ख्या फोटोऐवजी चेहऱ्याची ओळख वापरतो, त्याने सुटेल असं वाटलं होतं. त्याचं चेहरा ओळखणारं मॉडेल ११२ पिक्सेलचा सरळ केलेला चेहरा घेतं आणि त्यात केस जेमतेम येतात. तरीही गाल म्हाताऱ्यासारखे आत गेले, कारण प्रशिक्षणाच्या चित्रांत पांढरे केस आणि सुरकुत्या बहुतेक बरोबरच येतात. शब्द केसांपुरता लिहिला तरी वय सोबत येतं. आधी भुवया पाहा: त्या पांढऱ्या झाल्या असतील तर चेहरा सरकू लागलाय.

फेसआयडीचं वेट वाढवायचा बेत होता, तो सोडला. संदर्भ फोटोच बदलावा. गिम्पमध्ये फक्त केस निवडून रंग काढला, कर्व्हजने उजळ केले, भुवयांना हात लावला नाही. मग प्रॉम्प्टमधून केसांचा शब्दही काढला. आता फोटो आणि मजकूर भांडत नाहीत, आणि हनुवटीवरची खळीसुद्धा आली! गिम्प फुकट असून या कामाला पुरतं. कपाळाच्या कडेला मात्र काळी रेघ राहिली.

तिच्यासाठी आता वेगळा घाट: आधी काळ्या केसांचंच चित्र पक्कं करायचं, मग फक्त केसांवर मास्क ठेवून इनपेंट, म्हणजे तेवढाच भाग नव्याने काढायचा, आणि तो किती बदलायचा ते ठरवणारं डिनॉईज ०.६ पासून. मास्क कपाळाच्या केसरेषेपाशीच थांबवायचा, कारण तो खाली उतरला तर भुवया पुन्हा रंगतील. पांढरी दाढी या वाटेने होणार नाही. ती जबड्यावरच बसते आणि मास्कखाली जबडा नव्याने काढला जाईल. तिच्यासाठी नटाचा चिकटवलेल्या दाढीतला फोटो मागवतोय.