क्रिएटिन आणि क्रिएटिनिन

“दादा, क्रिएटिननं किडनी खराब होते म्हणतात, खरं हाय का? अन् घ्याचं कसं?”

क्रिएटिन म्हणजे व्यायाम करणारे ताकदीसाठी घेतात ती पावडर. किडनी चांगली असलेल्या मोठ्या माणसाची किडनी रोजच्या 3 ते 5 ग्रॅम क्रिएटिननं बिघडते, असं इतक्या वर्षांच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. तरी आमच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारं आणि किडनीचे रुग्ण बरेच, त्यामुळं किडनीचं नाव निघालं की घरदार घाबरतं, आणि ती भीती मला समजते.

घोळ होतो तो रिपोर्टमध्ये. मागच्या उन्हाळ्यात माझ्या व्यायामशाळेतला एक पोरगा तालुक्याहून रक्त तपासून आला. क्रिएटिनिन 1.4, त्याखाली लाल रेघ. त्याच्या आईनं तोवर त्याचा क्रिएटिनचा डबा उकिरड्यावर टाकलाही होता. आता, क्रिएटिन वेगळं आणि क्रिएटिनिन वेगळं. स्नायूंतलं क्रिएटिन रोज थोडं थोडं मोडतं, त्याचं क्रिएटिनिन होतं, आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी मंदावली तर ते रक्तात साठतं, म्हणून डॉक्टर ते मोजतात. पण मुळात क्रिएटिनच जास्त घेतलं तर किडनी धडधाकट असूनही आकडा थोडा चढतो. त्यात हा आदल्या दिवशी पायांचा जबर व्यायाम करून, रात्री मटण खाऊन गेला होता. त्यानंही आकडा वाढतो.

डॉक्टरांना त्यानं पावडरीचं सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर त्यांनी ती तीन आठवडे बंद करायला लावली आणि लघवीतलं प्रथिन तपासलं. प्रथिन नव्हतं, क्रिएटिनिन 1.1 वर आलं. शंका उरली असती तर सिस्टॅटिन सी नावाची तपासणी असते. तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. मात्र बंद करूनही आकडा उतरला नाही, लघवीला फेस येऊ लागला किंवा पाय सुजले, तर ते पावडरीवर ढकलून गप्प बसू नका. आधीच किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. आणि अंगदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक खाणारे क्रिएटिनला घाबरतात, याचं मला फार वाईट वाटतं. किडनीला खरा धोका त्या गोळीचा आहे.

फायदा आहे, पण बेताचा. थोडा वेळ जोर लावायच्या कामात स्नायूंना ताकद लवकर परत मिळते. खांद्यावर 60 किलो घेऊन आठ बैठका निघत असतील तर नऊ-दहा निघतात. शाकाहारी माणसाला फरक बरेचदा जास्त जाणवतो. वजन किलोभर वाढतं, ते स्नायूंत धरलेलं पाणी असतं.

साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्या, महागाच्या प्रकारांची गरज नाही. पहिला आठवडा रोज 20 ग्रॅम घ्यायची पद्धत आहे. त्यानं स्नायूंतला साठा लवकर भरतो, पण पोट बिघडू शकतं. रोज 3 ते 5 ग्रॅम घेतलं तर तोच साठा महिन्याभरात भरतो. सकाळी घ्या की संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशीही चुकवू नका. कोमट पाण्यात ढवळून लगेच प्या. त्या पोरानं नव्या डब्यातला चमचा सोनाराच्या काट्यावर तोलून आणला: सपाट भरला तर 3 ग्रॅम, शीग लावली तर 5 च्या वर.