तलावाने सोडलेलं पाणी

यंदा फेब्रुवारीत आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या वाचनालयाने मराठी भाषा गौरव दिनासाठी आठवी-नववीच्या मुलांची निबंध स्पर्धा घेतली आणि परीक्षणाला मला बोलावलं. विषय होता 'मासुंदा तलावाचे मनोगत'. वेळ एक तास, हाताने लिहायचं, कागदावर नावाऐवजी क्रमांक. बेचाळीस निबंध आले. दुसरे परीक्षक होते एक निवृत्त मराठीचे सर. गुण एकूण वीस: प्रस्तावनेला चार, विचारांच्या ओघाला आठ, समारोपाला चार आणि वाक्प्रचार-म्हणींच्या वापराला चार. अक्षराला गुण नव्हते.

तरीही पहिल्या रात्री अक्षराने मला फसवलं. सतरा क्रमांकाचा निबंध मोत्यांसारख्या अक्षरात होता, वाक्प्रचारांखाली पट्टीने रेघा मारलेल्या. मी वीसपैकी चौदा देऊन टाकले. तेवीस क्रमांकाचं अक्षर गिचमिड, खाडाखोड भरपूर. त्याला दहा.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "ताई, सतराव्याचा दुसरा आणि तिसरा परिच्छेद उलटे लावून वाचून बघा बरं." मी वाचले. काहीच बिघडलं नाही. एकात तलावातलं नौकाविहार, दुसऱ्यात कचरा, मध्ये दुवा कुठलाच नाही. सरांची पद्धत अशी, की प्रत्येक परिच्छेदात काय सांगितलंय ते समासात पेन्सिलीने चार शब्दांत लिहायचं आणि मग फक्त समास वाचायचा. एका टिपणावरून पुढच्यावर 'म्हणून', 'पण', 'त्यामुळे' असं काही म्हणत जाता आलं तर ओघ आहे. नुसतं 'आणि' म्हणता येत असेल तर ती यादी आहे. सतरावा यादी निघाला. 'पाणी म्हणजे जीवन' ही त्याची सुरुवात आणखी अकरा निबंधांत जवळजवळ तशीच होती. विहिरीवरच्या किंवा नदीवरच्या निबंधालाही ती चालली असती. समारोपात झाडं लावायची एक नवीच योजना आली होती, जिचा आधी उल्लेखही नव्हता.

वाक्प्रचारांसाठी मी माझी एक कसोटी लावली. वाक्प्रचार काढून त्या जागी त्याचा साधा अर्थ ठेवायचा. सतराव्यात वाक्य होतं, 'काठावरचा कचरा पाहून माझ्या डोळ्यांचे पारणे फिटले.' पारणं म्हणजे उपास सोडणं, डोळ्यांचं पारणं फिटणं म्हणजे बघून मन तृप्त होणं. कचरा पाहून तलाव तृप्त झाला? रेघ मारलेल्या पाचांपैकी तीन असेच पाठ केलेले होते. त्याचे गुण शेवटी आठावर आले.

तेवीसव्यावर मात्र आमचा खरा वाद झाला. त्याची सुरुवात होती, 'पहाटे कोपिनेश्वराची घंटा वाजली की मला जाग येते.' कोपिनेश्वराचं देऊळ मासुंद्याच्या काठावरच आहे, त्यामुळे हा तलाव मासुंदाच, दुसरा कुठला नाही, हे पहिल्याच ओळीत कळतं. मी आधी प्रस्तावनेला तीनच दिले होते, ते चार केले. पुढे वाक्य होतं, 'घरोघरी नळ आले आणि लोकांनी माझ्यावर पाणी सोडले.' पहिल्या रात्री मी याच्याखाली लाल रेघ मारली होती. तलावात पाणी सोडलं असं म्हणायचं असेल आणि विभक्ती चुकली असेल, असं मला वाटलं. सरांचंही मत तेच होतं.

पण कसोटी लावली तर 'लोकांनी माझ्यावरचा हक्क सोडून दिला' हा अर्थ तिथे नेमका बसत होता. दान देताना हातावरून उदक सोडतात, ती वस्तू आता आपली नाही म्हणून. त्यावरून हा वाक्प्रचार आला. ज्याच्याकडे पाण्याशिवाय काही नाही अशा तलावाने हे म्हणणं! शिवाय आधीच्या परिच्छेदात काठावर हंडे घेऊन येणाऱ्या बायका होत्या, म्हणजे वाक्य ओघातून आलं होतं. सर म्हणाले, "मुलाला हे कळून लिहिलंय की चुकून जमलंय?" ते कागदावरून ठरवता येत नाही. आपल्यापुढे कागदच आहे आणि कागदावर ते बरोबर आहे, असं मी म्हटलं. थोडा वेळ थांबून सरांनी चारपैकी चार दिले. ओघाला सहा. समारोप मात्र दोन ओळींत उरकला होता, 'अशी ही माझी कहाणी, मला वाचवा.' वेळ संपली असणार. ती घंटा शेवटी पुन्हा वाजायला हवी होती, असं मला अजून वाटतं. तिथे दोनच गुण. एकूण सोळा, दुसरा क्रमांक.

त्यानंतर माझी लाल रेघ असलेले सगळे निबंध मी पुन्हा वाचले, त्यातही गिचमिड अक्षराचे आधी. दोघांचे गुण बदलले.

बक्षिसाच्या दिवशी तेवीस क्रमांक म्हणून आठवीतली एक मुलगी पुढे आली. खाली उतरल्यावर मी तिला ते वाक्य कुठून सुचलं म्हणून विचारलं. ती म्हणाली, "आजी म्हणते ना बाई, गावच्या घराबद्दल. आम्ही त्याच्यावर पाणी सोडलं म्हणून."