बारीक केसांना क्लिप-इन: १०० ग्रॅमच्या सेटमधले ८० ग्रॅम

माझे केस खांद्याच्या खाली वाढतच नाहीत असं नाही, वाढतात. पण टोकं इतकी विरळ होतात की मागून कपड्याची नक्षी दिसते, आणि मग कात्री लावावीच लागते. लांबी हवी तर एक्स्टेन्शन लावायचं हे ठरलं होतं. प्रश्न कुठलं, एवढाच होता. टेपने चिकटवायचे प्रकार आठवडेच्या आठवडे डोक्यावर राहतात. माझ्यासारख्या केसांना ते ओझं दिवसरात्र वाहायला लावणं पटेना. क्लिप-इन म्हणजे छोट्या क्लिपा शिवलेल्या केसांच्या पट्ट्यांचा सेट. तो सकाळी लावायचा आणि झोपायच्या आधी काढायचा, म्हणून तोच घेतला.

माझे केस कापणाऱ्या ताईंनी आधी एक साधं काम सांगितलं. सगळे केस मागे घेऊन पोनी बांध, त्याभोवती दोरा एकदा गुंडाळ आणि तो दोरा मोजपट्टीवर मोज. माझा दोरा २ इंचांच्या आतच संपला. "म्हणजे जड सेटचा विचार सोड," त्या म्हणाल्या. मला नेमकं उलटं वाटत होतं: केस कमी, म्हणजे जास्त ग्रॅमचा सेट घ्यावा आणि उणीव भरून काढावी. पण क्लिप शेवटी आपल्याच केसांना धरून बसते. एका क्लिपच्या दातांत येणारे केस मोजकेच असतात आणि त्या पट्टीचं सगळं वजन त्यांच्या मुळांवर येतं. शिवाय पट्टी झाकायला वरून जे केस सोडायचे, तेही आपलेच आणि तेही बारीक. जाड पट्टी त्यांच्याखालून उंचवट्यासारखी दिसते.

मग वजन कमी ठेवून लांबी किती घेता येईल? इथे थोडं गणित कामाला आलं. १०० ग्रॅमचा सेट १४ इंचांचा असेल तर दर इंचाला साधारण ७ ग्रॅम केस येतात. तेच १०० ग्रॅम २० इंचांत असतील तर इंचाला ५ ग्रॅमच. म्हणजे वजन तेवढंच राहतं, लांबी वाढते आणि दाटपणा जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. त्यातही साध्या सेटमध्ये आखूड केस मिसळलेले असतात, त्यामुळे टोकाकडे दाटपणा आणखी कमी होतो. डबल ड्रॉन म्हणून मिळणाऱ्या सेटमध्ये बहुतेक केस पूर्ण लांबीचे असतात आणि टोकं भरीव राहतात.

माझे स्वतःचे केस मानेपाशी, सर्वांत खालची पट्टी बसणार तिथून, ८ इंच. त्याखाली जे काही दिसणार ते फक्त एक्स्टेन्शनचं असणार. २० इंचांचा सेट घेतला असता तर खालचे १२ इंच केवळ त्या विरळ होत जाणाऱ्या केसांवर लटकले असते. ज्या कारणासाठी मी आपले केस कापते, तेच विकत घेऊन डोक्यावर लावण्यासारखं झालं असतं. मी १६ इंच घेतले. मापन करताना टेप मानेपाशी, जिथे सर्वांत खालची पट्टी बसणार तिथून धरायची, टाळूपासून नाही. सेटवर लिहिलेली लांबीही पट्टीच्या शिवणीपासून टोकापर्यंत, केस सरळ ताणून मोजलेली असते. कुरळे केले की एकदोन इंच आत जातात.

रंगाला मी सर्वांत जास्त वेळ दिला, आणि द्यायलाच हवा होता. डब्यावरचे आकडे बघून वाटतं की काळ्या केसाला १ क्रमांक, विषय संपला. पण १ म्हणजे गडद, निळसर झाक असलेला काळा. १बी त्याहून जरा मवाळ, आणि २ म्हणजे गडद तपकिरी. माझी मुळं १बीच्या जवळची, पण टोकं उन्हाने तांबूस झालेली. ताईंनी मुळांकडे बघूच दिलं नाही. एक्स्टेन्शनचा जोड दिसतो तो आपल्या टोकांपाशी, मुळं तर वरच्या केसांखाली झाकलेली. म्हणून नमुन्याची बट टोकांच्या शेजारी धरायची, तीही मागच्या बाजूच्या केसांशी, कारण समोरचे केस उन्हामुळे बाकीच्यांपेक्षा फिके झालेले असू शकतात.

आम्ही खिडकीपाशी उभ्या राहून पाहिलं. पिवळ्या दिव्याखाली १बी आणि २ मला सारखेच वाटले होते. दिवसाच्या उजेडात १बीची बट माझ्या टोकांशेजारी शाईसारखी दिसली. २ जवळ आला, पण किंचित फिका वाटला. दोन रंगांच्या मध्ये अडकलात तर फिका घ्या, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यामागे कारण आहे: खऱ्या केसाचं एक्स्टेन्शन गडद करता येतं, पण आधीच रंगवलेलं एक्स्टेन्शन उजळ करायला गेलं तर रंग कुठे कसा उतरेल त्याचा नेम नसतो आणि केस कोरडे पडतात. शिवाय टोकं मुळांपेक्षा थोडी फिकी असणं हे केसांचं नेहमीचंच रूप आहे, गडद टोकं मात्र लगेच डोळ्यांत भरतात.

२ क्रमांकाचा सेट आला तेव्हा तो माझ्या केसांपेक्षा भलताच चमकत होता. रंग जुळत होता, चमक जुळत नव्हती. नव्या एक्स्टेन्शनवर सिलिकॉनचा थर असतो, तो हे करतो. सौम्य शाम्पूने एकदा धुऊन, पट्टी आडवी पसरून वाऱ्यावर वाळवली आणि मग पुन्हा खिडकीपाशी नेली. आता तो माझ्या केसांत मिसळला. रंग नापसंत करून परत करण्याआधी हा फरक ओळखता यायला हवा, फक्त धुतलेला सेट बहुधा कोणी परत घेत नाही. त्यामुळे आधी न धुता, बट उजेडाकडे थोडी तिरकी धरून झाक बघायची: तांबूस की राखाडी. ती चुकत असेल तर धुऊन काही होणार नाही.

सेटमध्ये चार क्लिपांची एक पट्टी, तीन क्लिपांच्या दोन, दोन क्लिपांच्या दोन आणि एकेका क्लिपचे चार तुकडे होते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक ठेवून वजन केलं. मोठी पट्टी २४ ग्रॅम, तीनवाल्या १६-१६, दोनवाल्या १२-१२ आणि सुटे तुकडे प्रत्येकी ५. सगळं लावायची सक्ती नाही, हे अनेकींच्या लक्षात येत नाही. सुटे तुकडे कानशिलापाशी लावायचे असतात आणि तिथे माझे केस सर्वांत पातळ. ते मी डब्यातच ठेवले. उरले ८० ग्रॅम.

शिवणीचाही फरक पडतो. कापडी लेसवर तीन-चार थर शिवलेली पट्टी जाड असते. माझ्या पट्ट्या पातळ सिलिकॉनच्या फितीवर बसवलेल्या आहेत, त्या डोक्यावर सपाट बसतात. क्लिपच्या आत रबरासारखी पट्टी असलेली क्लिपच घ्या. नुसती धातूची क्लिप बारीक केसांवरून घसरते.

तरीही घसरते, कारण बारीक केस गुळगुळीत असतात. त्यावर उपाय मुळाशी करायचा. मी केस लावायच्या आदल्या दिवशी धुते, त्याच दिवशी नाही, आणि मुळांना कंडिशनर लावत नाही. टोकदार दांडीच्या कंगव्याने मानेच्या केसरेषेपासून दोन बोटं वर आडवा भांग पाडते आणि वरचे केस चिमट्यात बांधते. मग भांगालगतच्या केसांची क्लिपच्या रुंदीएवढी बट उभी धरून मुळापाशी कंगवा दोन-तीनदा उलटा, डोक्याकडे दाबत फिरवते. तिथे केसांची छोटी गादी तयार होते. त्यावर हेअर स्प्रेचा एक हलका फवारा, आणि क्लिपचे दात त्या गादीत सरकवून टक् आवाज येईपर्यंत दाबायचं. आधी मधल्या क्लिपा, मग कडेच्या, नाहीतर पट्टी मध्ये फुगते.

खाली तीनवाली एक, त्यावर दीड इंचावर चारवाली, कारण डोकं तिथे सर्वांत रुंद असतं, आणि त्यावर दुसरी तीनवाली. दोनवाल्या कानांच्या वर, बाजूंना. केसरेषेपासून सगळीकडे दोन बोटं आत राहायचं आणि भुवयांच्या रेषेच्या वर जायचं नाही, हा माझा नियम. त्यावरचे केस झाकायला लागतात. झाकले गेले की नाही ते आरशात नाही, मान वाकवून मागून काढलेल्या फोटोत कळतं.

घट्ट बसलंय की नाही ते बघायला पट्टी दोन बोटांत धरून हलकेच खाली ओढते. सरकली तर गादी कमी पडली. पट्टीबरोबर डोक्याची कातडी तंबूसारखी वर उचलली गेली तर क्लिप फार थोड्या केसांत अडकली आहे. ती काढून जाडसर बटेत पुन्हा लावायची. हे दुसरं जास्त वाईट, कारण दिवसभर त्याच मुळांवर ताण राहतो.

एवढं करूनही पहिल्यांदा खांद्यापाशी सरळ रेघ दिसली: वर माझे कापलेले केस, खाली परकी लांबी. याला क्लिपचा उपाय नाही, कात्रीचा आहे. सेट डोक्यावर असतानाच ताईंनी कात्री उभी धरून एक्स्टेन्शनच्या समोरच्या बाजूला थर पाडले, हनुवटीपासून उतरत जाणारे. माझ्या केसांची टोकंही किंचित तोडली, म्हणजे ती रेघ मोडली. वर माझे आणि एक्स्टेन्शनचे केस एकत्र घेऊन हलक्या लाटा काढल्या की जोड सापडत नाही. हे खऱ्या केसाच्या सेटलाच जमतं. साध्या कृत्रिम धाग्याला गरम सळई लावली तर तो वितळतो.

काढताना उलटा क्रम नाही, खालचीच पट्टी आधी. क्लिप उघडून दात बाहेर काढायचे, ओढायचं नाही. मग गादी टोकाकडून मुळाकडे बोटांनी सोडवायची. त्या जागी बोट दाबल्यावर दुखलं तर पुढच्या वेळी भांग एक बोट वर किंवा खाली घेते. क्लिपांच्या ओळीत इंचभर लांबीचे तुटके केस उभे दिसायला लागले, किंवा कंगव्यात मुळाशी पांढरा ठिपका असलेले केस नेहमीपेक्षा जास्त आले, तर मी सेट डब्यात ठेवते आणि दुखरेपणा जाईपर्यंत काढत नाही. जागा सतत तीच राहिली तर तिथले केस कायमचे विरळ होऊ शकतात.