कायमची कट्टी आणि जशास तसे

टी.वाय.च्या पोरांना पुनरावृत्त खेळ शिकवायचा म्हणून मी फळ्यावर पाण्याच्या जारचा धंदा मांडला. दोनच पुरवठादार, भाव 40 किंवा 30. दोघांनी 40 धरला तर दिवसाला हजार-हजार सुटतात, दोघेही 30 वर उतरले तर चारशे-चारशे. एकट्यानेच भाव पाडला तर त्याला दीड हजार, दुसऱ्याला दोनशे. भाव चिठ्ठीवर लिहायचा, बोलायचं नाही. (खऱ्या बाजारात बोलून भाव ठरवला तर स्पर्धा कायदा आडवा येतो.) प्रत्येक फेरीनंतर नाणं, काटा पडला की खेळ बंद.

जोडीतल्या एकाला मी नियम बांधून दिला, दुसरा मोकळा. खिडकीकडे ग्रिम ट्रिगर: समोरच्याने एकदा भाव पाडला की शेवटपर्यंत 30. पोरांनी त्याला लगेच ‘कट्टी’ म्हटलं. दाराकडे टिट फॉर टॅट: आज तू जे केलंस, ते उद्या मी.

कट्टीवाल्यांशी कुणी भाव पाडेना. दाराकडची एक मुलगी मात्र म्हणाली, “सर, आज पाडते, उद्या 40 लावून मार खाते, परवा सगळं माफ!”

फळ्यावर हिशेब केला. सरळ वागलं तर आजचे 1000 आणि उद्याच्या हजाराचे निम्मे, कारण उद्या उजाडेल याची खात्री निम्मीच: 1500. तिच्या वाटेने 1500 आणि दोनशेचे निम्मे: 1600. परवा पाटी कोरी. कट्टीत ही परतीची वाटच नाही. नाण्याच्या खेळात पुढे सरासरी एकच फेरी उरते, म्हणजे पाडणाऱ्याला 1500 अधिक 400, न पाडणाऱ्याला 2000. इतका अधीर बाजार असला की जशास तशाची शिक्षा अपुरी पडते, हे मी वर्षानुवर्षं सूत्रातून सांगत होतो. तिने दोन मिनिटांत दाखवलं.

मग नाण्याऐवजी फासा घेतला, सहा पडले तरच बंद. आता उद्याची खात्री सहात पाच. तिचे 1667, सरळ वागणाऱ्याचे 1833. ती गुमान 40 वर आली.

शेवटी दोन्ही बाजूंना नियम बांधले आणि तिथे मी घोळ घातला. दोन जोड्यांत एकेकाची 40 ची चिठ्ठी मी 30 म्हणून वाचली. चूक कबूल केली, पण पुढचे भाव लिहून झाले होते, आणि कट्टीवाला ऐकेना: “सर, नियमात माफी कुठंय?” दोन फेऱ्यांत दोघेही चारशेवर उतरले ते तिथेच राहिले. जशास तशाच्या जोडीत मात्र झोका सुरू झाला. आज याला 1500 त्याला 200, उद्या उलट, सरासरी 850.

पाचव्या फेरीला त्यातला एक वैतागून म्हणाला, “सर, या वेळचं गिळून टाकू का?” नियमात ते बसत नव्हतं. मी मान हलवली. त्याने मार खाऊनही 40 लिहिलं, समोरूनही 40 आलं.

खिडकीकडचे दोघे ते बघत चिठ्ठीवर 30 लिहीत होते.