चार पोल, दोन ब्रश : एका आर्मेचरचे रिवाइंडिंग

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील एका चादर कारखान्यातून चार पोलची, २२० व्होल्ट, २० अँपिअरची एक जुनी डीसी मोटर माझ्याकडे रिवाइंडिंगसाठी आली. तिला एकमेकांपासून ९० अंशांवर असे दोनच ब्रश होल्डर होते. मालक म्हणाले, "अहो, यातले दोन ब्रश कुठंतरी गहाळ झालेत. आता बांधताना चार ब्रशचं लॅप वाइंडिंगच करून द्या."

तारा काढण्यापूर्वी मी कॉम्युटेटरचे ८१ सेगमेंट मोजले आणि कॉईलची दोन टोके कुठे जातात ते पाहिले. लॅपमध्ये ती शेजारच्या सेगमेंटवर येतात. येथे पहिल्या सेगमेंटवरून निघालेली कॉईल जवळजवळ समोरच्या, म्हणजे ४१व्या सेगमेंटवर आणि तेथून पुढची कॉईल ८१व्यावर, म्हणजे पहिल्याच्या शेजारी, पोहोचत होती. हे वेव्ह वाइंडिंग होते.

मग आर्मेचरला थोडा डीसी प्रवाह देऊन मी शेजारशेजारच्या सेगमेंटमधील मिलिव्होल्ट मोजले. बहुतेक ठिकाणी २४ च्या आसपास वाचन येत होते, पण समोरासमोरच्या दोन जागी ते १२ वर आले. माझ्या मदतनिसाला दोन कॉईल जळाल्यासारखे वाटले, परंतु वेव्हमध्ये शेजारच्या दोन सेगमेंटमध्ये दोन कॉईल एकापाठोपाठ असतात आणि प्रत्येक कॉईल अशा दोन जोड्यांत मोडते, त्यामुळे एकच कॉईल शॉर्ट झाली तरी वाचन दोन जागी निम्मे होते. लॅपमध्ये ते एकाच जागी जवळजवळ शून्यावर गेले असते. दोष एकाच कॉईलमध्ये होता, तरी बाकीचे इन्सुलेशनही ठिसूळ झाल्याने मी सगळेच वाइंडिंग काढले.

मालकांच्या मागणीप्रमाणे लॅप करणे मला योग्य वाटले नाही. चार पोलच्या साध्या लॅपमध्ये प्रवाहाला चार समांतर मार्ग मिळतात, वेव्हमध्ये पोल कितीही असले तरी दोनच. तेवढेच वेढे ठेवून लॅप केले असते, तर प्रत्येक मार्गात निम्म्याच तारा राहून त्याच २२० व्होल्टवर मोटर जवळपास दुप्पट वेगाने धावली असती. शिवाय लॅपचा प्रत्येक मार्ग एकाच पोलजोडीखाली राहतो, म्हणून बेअरिंग झिजून एअरगॅप असमान झाला की मार्गांमध्ये प्रवाह फिरतो आणि ब्रशखाली ठिणग्या पडतात. वेव्हचा मार्ग सर्व पोलखालून जातो, त्यामुळे हा असमतोल दोन्ही मार्गांना सारखाच पडतो.

ब्रशचा प्रश्नही येथेच सुटतो. चार पोलच्या लॅपला चार होल्डर लागतातच. वेव्हमध्ये समोरासमोरच्या समान ध्रुवतेच्या जागा कॉईलनेच जोडलेल्या असतात, म्हणून दोन पुरतात. आणखी दोन बसवले तर मार्ग दोनच राहतात, फक्त प्रत्येक होल्डरवरचा प्रवाह २० वरून सुमारे १० अँपिअरवर येतो. या मोटरचे ब्रश पूर्ण प्रवाहासाठी पुरेसे रुंद होते, म्हणून मी तीच जोडी ठेवली. नव्या वाइंडिंगची सर्व ८१ वाचने सारखी आल्यावरच वार्निश केले.